खात्री नाही, पण हरकतही नाही

२७ जानेवारी १९८६ची रात्र. फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्रावर पावणेबाराच्या सुमारास एका पानाचा फॅक्स आला. तो दूरवरच्या युटा राज्यातून, मॉर्टन थायोकोल या कंपनीकडून आला होता. चॅलेंजर यानाच्या दोन्ही बाजूंना जोडलेले घन इंधनाचे बूस्टर ही कंपनी बनवत असे. खाली कंपनीचे उपाध्यक्ष ज्यो किलमिन्स्टर यांची सही होती, आणि पान वाचत गेलं की शेवटाकडे एक वाक्य येत होतं: २८ जानेवारीचं उड्डाण पुढे न्यावं, अशी कंपनीची शिफारस आहे.

या पानाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण बहुतेक वेळा त्याचा सारांश ‘दडपणाखाली दिलेला होकार’ एवढाच सांगितला जातो. पान प्रत्यक्ष वाचणाऱ्याला मात्र एक वेगळीच गोष्ट खटकते. त्यात काहीही लपवलेलं नाही. थंडीचा उल्लेख आहे. हे बूस्टर आजवरच्या सर्वांत गार उड्डाणापेक्षाही २० अंश फॅरनहाइटने, म्हणजे आपल्या मापात सुमारे ११ अंशांनी, अधिक गार असतील हे लिहिलं आहे. तापमानाबद्दलची आकडेवारी निर्णायक नाही हेही लिहिलं आहे. गार ओ-रिंग अधिक कडक होईल, कडक रिंग जागेवर बसायला जास्त वेळ घेईल, तेवढ्या वेळात जास्त वायू तिच्याजवळून निसटू शकेल, इथपर्यंत सगळं एकाखाली एक मांडलेलं आहे. म्हणजे ज्या परिस्थितीत यान कधीच उडालं नव्हतं, त्या परिस्थितीचं नाव घेऊन, तिच्यात काय होऊ शकेल हे सांगून, मग ‘तयार’ म्हटलेलं आहे.

‘तयार आहे’ असं लेखी कळवताना अनोळखी परिस्थितीचा उल्लेख करावा, की सरळ ‘तयार’ म्हणून मोकळं व्हावं, हा प्रश्न मला या पानावरून पडला. उल्लेख करणं हेच प्रामाणिकपणाचं, असं आपण पटकन म्हणून जातो. इथे उल्लेख होता आणि सात माणसं गेली.

आधी तो सांधा समजून घेऊ. बूस्टर म्हणजे सुमारे पावणेचार मीटर व्यासाची पोलादी नळी. ती कारखान्यात तुकड्या-तुकड्यांनी भरली जायची आणि हे तुकडे केनेडीला एकमेकांवर बसवले जायचे. प्रत्येक सांध्यात दोन रबरी कड्या असत. जाडी साधारण सात मिलिमीटर, म्हणजे करंगळीपेक्षाही कमी, आणि लांबी मात्र संपूर्ण नळीला वळसा घालेल इतकी. याच ओ-रिंगा. काम कुकरच्या रिंगेचंच: आतला दाब बाहेर निसटू द्यायचा नाही. फरक असा की कुकरमध्ये वाफ हळूहळू धरते आणि इथे बूस्टर पेटल्यावर अर्ध्या-पाऊण सेकंदात सगळा दाब तयार होतो. त्या दाबाने पोलादी नळी किंचित फुगते आणि सांध्यातली फट किंचित रुंदावते. त्याच क्षणी रबराने फुलून ती फट भरली पाहिजे. दाबून ठेवलेलं रबर सोडल्यावर किती चटकन मूळ आकाराला येतं, यावर सारं अवलंबून. ज्या घरी जुनी, कडक झालेली कुकरची रिंग वापरली जाते, त्या घरी शिट्टी व्हायच्या आधी झाकणाच्या कडेने वाफ येताना दिसते. रबर तिथेही असतंच, ते फक्त वेळेवर पोहोचत नाही.

थायोकोलने हे १९८५मध्येच मोजून पाहिलं होतं. रबर ठरावीक दाबाने चेपायचं, मग पकड थोडी सैल करायची आणि रबर पुन्हा धातूला कधी टेकतं ते बघायचं. ३८ अंश सेल्सिअसला रबराने धातूची साथ सोडलीच नाही. २४ अंशांना ते २.४ सेकंद मागे राहिलं. १० अंशांना दहा मिनिटं वाट पाहिली, तरी ते टेकलं नाही, तेव्हा चाचणी थांबवली. जिथे काम सेकंदाच्या काही दशांशांत व्हायचं, तिथे हा आकडा बोलका आहे. अर्थात प्रयोगशाळेतली ही पट्टी म्हणजे खरा सांधा नव्हे. खऱ्या सांध्यात वायूचा दाबही रिंगेला ढकलत असतो. त्यामुळे ‘दहा मिनिटं’ हा आकडा जसाच्या तसा उड्डाणाला लावता येत नाही. गार रबर आळशी असतं एवढं मात्र त्यावरून नक्की कळत होतं. किती गार झाल्यावर ते कामातून जातं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी पावणेनऊला युटा, अलाबामातलं मार्शल केंद्र आणि केनेडी यांच्यात टेलिफोनवर बैठक सुरू झाली. थायोकोलचे इंजिनियर तक्ते घेऊन बसले होते. रॉजर बॉइजोली आणि आर्नी थॉम्पसन हे त्यांच्यातले सगळ्यांत आग्रही. त्यांच्याकडे मुख्य पुरावा जानेवारी १९८५च्या उड्डाणाचा होता. तेव्हा सांध्याचं तापमान १२ अंश सेल्सिअसच्या आसपास होतं (त्यांच्या भाषेत ५३ अंश फॅरनहाइट) आणि परत आणलेल्या बूस्टरमध्ये दोन रिंगांच्या मधे काळंकुट्ट, काजळलेलं ग्रीस सापडलं होतं. म्हणजे गरम वायू पहिली रिंग ओलांडून दुसरीपर्यंत पोहोचला होता. कंपनीच्या इंजिनियरिंग विभागाचे उपाध्यक्ष बॉब लुंड यांनी निष्कर्ष वाचला: ओ-रिंगचं तापमान निदान ५३ अंश फॅरनहाइट असल्याशिवाय उड्डाण करू नये.

या वाक्याची घडण लक्षात ठेवा, कारण मला जे म्हणायचं आहे ते तिच्यातच आहे. या वाक्यात अनोळखी हवामानाचं वर्णन नाही. थंडी किती वाईट, रबर किती कडक, यातलं काहीच नाही. फक्त एक रेघ ओढली आहे: इथपर्यंत आम्ही बघितलं आहे, त्याच्या पलीकडे आमचं ‘तयार’ नाही. हे वाचणाऱ्याला काही ठरवावं लागत नाही. थर्मामीटर बघितला की पुरे.

नासाच्या बाजूने लॅरी मलॉय आणि जॉर्ज हार्डी यांनी हरकत घेतली, आणि त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. ऑक्टोबर १९८५च्या उड्डाणातही वायू निसटल्याच्या खुणा होत्या आणि तेव्हा सांधा २४ अंशांचा, म्हणजे चांगला उबदार होता. मग थंडीचा संबंध कसा जोडता? इंजिनियरांनी सांगितलं की त्या वेळची काजळी फिकी, राखाडी होती आणि थंडीतली काळीभोर होती. हा फरक त्यांना डोळ्यांनी दिसत होता, पण आकड्यांत मांडता येत नव्हता. त्यांच्या तक्त्यांत फक्त बिघाड झालेली उड्डाणं होती. पुढे चौकशी आयोगाने बिघाड न झालेली उड्डाणंही त्याच कागदावर मांडली, तेव्हा चित्र लख्ख दिसलं. १९ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून उबदार सांध्यांच्या वीस उड्डाणांपैकी तिघांतच रिंगांना इजा झाली होती, आणि त्याहून गार असलेल्या चारही उड्डाणांत झाली होती. हा तक्ता त्या रात्री काढायला पंधरा मिनिटंही लागली नसती. तो कुणी मागितला नाही आणि कुणी काढलाही नाही. याला मी दुष्टपणा म्हणणार नाही. रात्री नऊ वाजता, दुसऱ्या टोकाला चिडलेले गिऱ्हाईक असताना, माणूस आपल्याजवळ आहेत तेच कागद उलटत बसतो.

साडेदहाच्या सुमारास थायोकोलने आपसात बोलायला पाच मिनिटं मागितली. ती अर्ध्या तासाची झाली. बॉइजोली आणि थॉम्पसन यांनी पुन्हा समजावलं. थॉम्पसन वही घेऊन थेट साहेबांच्या टेबलापाशी गेले, सांध्याचं चित्र काढून दाखवू लागले आणि कुणी बघत नाही हे कळल्यावर जागेवर परतले. वरिष्ठ अधिकारी जेरी मेसन यांनी लुंड यांना इंजिनियरची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगितलं. हे वाक्य पुढे जगभर गाजलं. अकराच्या सुमारास फोन पुन्हा जोडला गेला आणि किलमिन्स्टर यांनी नवी शिफारस वाचून दाखवली. मार्शलच्या बाजूने स्टॅनली राइनार्ट्झ यांनी विचारलं, कुणाचं वेगळं मत आहे का? फोनवरून कुणाचाच आवाज आला नाही. हार्डी म्हणाले, हे लेखी द्या आणि सही करून द्या. केनेडीला हजर असलेले थायोकोलचे अ‍ॅलन मॅक्डोनाल्ड यांनी सही करायला नकार दिला. म्हणून सही युटाहून आली.

आता पुन्हा तो फॅक्स घेऊ. लुंड यांचं पहिलं वाक्य आणि हे पान यांत माहितीचा फरक जवळजवळ नाही. उलट पानावरच जास्त माहिती आहे. फरक आहे तो माहितीच्या जागेत. पहिल्या वाक्यात अनोळखी थंडी ही अट होती. फॅक्समध्ये तीच थंडी वर्णन झाली. अट असते तेव्हा ती मोडली की ‘तयार’ हा शब्दही मोडतो. वर्णनाचं तसं नसतं. ते कितीही भयंकर असलं तरी त्याच्याखाली ‘तरीही’ लिहिता येतं. पान असंच चालतं: रबर कडक होईल, वायू निसटेल, पण मागच्या वेळी झालेल्या झिजेच्या तिप्पट झीज झाली तरी रिंग धरून ठेवते, आणि पहिली बसली नाही तर दुसरी बसेल, म्हणून हे उड्डाण मागच्या उड्डाणापेक्षा फारसं वेगळं असणार नाही. यातलं ‘दुसरी बसेल’ हे सगळ्यांत धोक्याचं. दुसरी रिंगही त्याच रबराची, त्याच सांध्यात, त्याच थंडीत. पहिली ज्या कारणाने उशिरा बसणार, त्याच कारणाने दुसरीही उशिरा बसणार. कंपनीच्याच अभ्यासानुसार पेटवणीनंतर सेकंदाचा जेमतेम पाचवा-सहावा भाग गेला की दुसरीचा भरवसा कमी होऊ लागायचा. पानावर मात्र ती खंबीर राखीव खेळाडूसारखी उभी आहे.

अशा उल्लेखाने नुकसानच होतं. नुसतं ‘तयार’ असतं तर वाचणाऱ्याच्या मनात निदान प्रश्न आला असता: थंडीचं काय? उत्तर पानावर नसल्यामुळे त्याने फोन उचलला असता. इथे प्रश्न विचारायच्या आधीच पान म्हणतं, थंडीचं आम्ही बघितलंय. आपल्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी मांडववाला म्हणतो, “सगळं रेडी आहे बघा, ढग आहेत जरा, पण आपलं काम मजबूत असतंय.” ढगांचं नाव त्याने घेतलं, म्हणजे त्याने विचार केला असेल, असं आपण धरून चालतो. पाऊस आला तर ताडपत्री कुठे आहे, हे विचारायचं राहून जातं.

मग नुसतं ‘तयार’ म्हणणं बरं का? त्याच नासाने ते वर्षानुवर्षं केलं होतं, आणि यशस्वीपणे. २० जुलै १९६९ला अपोलो ११ चंद्रावर उतरत असताना ह्यूस्टनमध्ये उड्डाण संचालक जीन क्रान्झ एकेकाला विचारत गेले आणि एकेक जण एका शब्दात ‘गो’ म्हणत गेला. कुणी अटी सांगितल्या नाहीत, थंडी-वारा-धुळीचं बोलणं केलं नाही. थोड्या वेळाने यानाच्या संगणकाने १२०२ असा इशारा दाखवला. आर्मस्ट्राँगने विचारलं, हे काय आहे? स्टीव्ह बेल्स या सव्वीस वर्षांच्या मार्गदर्शन अधिकाऱ्याने काही सेकंदांत ‘गो’ दिला. एका शब्दाने काम भागलं, कारण बाकीचं सगळं आधीच लिहून ठेवलेलं होतं. काही दिवसांपूर्वी सरावात असाच इशारा आल्यावर बेल्सने मोहीम चुकीने थांबवली होती. त्यावर क्रान्झ यांनी प्रत्येक इशाऱ्यासाठी काय करायचं ते ठरवून ठेवायला लावलं. जॅक गार्मन या तरुण संगणकतज्ज्ञाने हाताने लिहिलेला कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला होता: हा इशारा सतत येत राहिला नाही तर चालू द्या. बेल्सच्या ‘गो’मध्ये ही अट न बोलता सामावलेली होती आणि समोरच्यालाही ती माहीत होती. म्हणजे रेघ कुठे आहे हे दोन्ही बाजूंना आधी ठाऊक असेल, तर ‘तयार’ हा एकटा शब्द पुरतो. उलट तेव्हा जास्त बोललं तर गोंधळच व्हायचा.

चॅलेंजरसाठीही अशी रेघ होती. इथे प्रकरण थोडं अवघड होतं आणि मला वाटतं तिथेच खरा धडा आहे. यानाच्या आराखड्याच्या नियमांत बाहेरच्या हवेचं तापमान ३१ ते ९९ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण उणे अर्धा ते ३७ अंश सेल्सिअस, एवढं मान्य होतं. उड्डाणाच्या वेळी बाहेर ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे दोन अंश सेल्सिअसच्या वर किंचित, इतकं होतं. कागदाच्या हिशेबाने ‘तयार’ खरंच होतं. पण ती रेघ हवेची होती, सांध्याची नव्हती. रात्रभर गारठलेला पोलादी सांधा हवेपेक्षा गार असतो. ज्या उजव्या बूस्टरच्या खालच्या सांध्यातून पुढे ज्वाळा आली, तिथलं तापमान उड्डाणाच्या वेळी उणे दोन अंश सेल्सिअसच्या आसपास असावं, असा आयोगाचा अंदाज आहे. आणि या रेघेपर्यंत सांधा तपासून कुणी ती रेघ ओढलेली नव्हती. लुंड यांची ५३ची रेघ अनुभवातून आली होती, ३१ची रेघ आराखड्याच्या कागदातून. त्या रात्री मलॉय यांचा त्रागा याचमुळे होता की उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी हे लोक नवी रेघ ओढू पाहताहेत. त्रागा समजण्यासारखा आहे. पण नवी माहिती नेहमी आदल्या संध्याकाळीच कळते, कारण थंडीही आदल्या संध्याकाळीच पडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाच प्रश्न वेगळ्या तोंडून पुन्हा आला. पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून रात्री नळ थोडे सुरू ठेवले होते, आणि उड्डाणमंचाचा सांगाडा बर्फाच्या लोंब्यांनी भरून गेला. यान बनवणाऱ्या रॉकवेल कंपनीला भीती वाटली की इंजिनं पेटली की बर्फ तुटून यानाच्या उष्णतारोधक फरशांवर आपटेल. कॅलिफोर्नियातून कंपनीचे रॉको पेट्रोन यांनी केनेडीतल्या आपल्या माणसांना कळवलं की उड्डाण करू नये असं नासाला सांगा. नऊच्या बैठकीत रॉकवेलच्या माणसाने वाक्य उच्चारलं ते असं: रॉकवेल उड्डाण सुरक्षित असल्याची खात्री देऊ शकत नाही.

हे वाक्य मराठीत आणलं की त्याचा घोटाळा लगेच दिसतो. ‘खात्री देता येत नाही’ आणि ‘हरकत आहे’ ही आपल्याकडे दोन अगदी निराळी बोलणी आहेत. सरकारी कागदांत तर ‘ना हरकत’ नावाचा वेगळा दाखलाच असतो. खात्री न देणारा माणूस हरकत घेत नाही. तो फक्त बाजूला सरकतो. नासाचे अधिकारी आर्नोल्ड ऑल्ड्रिच यांनी ते तसंच ऐकलं. बर्फाची चिंता नोंदवली गेली आणि ‘उड्डाण नको’ असं कुणी म्हणालं नाही, असा त्यांचा समज झाला. बर्फ पाहणाऱ्या तुकडीला पुन्हा मंचावर पाठवून उड्डाण चालू ठेवायचं ठरलं. रॉकवेलच्या माणसांना मात्र वाटत होतं की आपण ‘नाही’ म्हटलं आहे. चौकशी आयोगाने नंतर लिहिलं की रॉकवेलची शिफारस संदिग्ध होती. त्याच वेळी आयोगाने नासावरही ठपका ठेवला: कंत्राटदाराने उड्डाण सुरक्षित असल्याचं दाखवावं, अशी रीत असताना त्या दिवशी असुरक्षित असल्याचं सिद्ध करा, असं मागितलं जात होतं. बॉइजोली यांनीही साक्षीत हेच सांगितलं. वर्षानुवर्षं ‘तयार आहोत’ हे आम्हाला पटवून द्यावं लागे, त्या रात्री ‘तयार नाही’ हे पटवून द्यावं लागलं.

बर्फाने पुढे काही बिघडलं नाही, हे इथे नोंदवायला हवं. अपघात ओ-रिंगमुळे झाला. पण दोन्ही वाक्यं एकाच मातीची होती. एकाने अनोळखी परिस्थिती सांगून ‘तरीही तयार’ म्हटलं. दुसऱ्याने अनोळखी परिस्थिती सांगितली आणि ‘तयार’ किंवा ‘नाही’ यांपैकी काहीच म्हटलं नाही. ऐकणाऱ्याच्या हातात दोन्ही वेळा निकाल एकच आला.

आणि हा निकालही वरपर्यंत सगळा पोहोचला नाही. नासात तयारीची खातरजमा खालून वर चार पायऱ्यांनी जात असे. बूस्टरचा प्रश्न वरून तिसऱ्या पायरीवर, मार्शलच्या टप्प्यावर, ‘मिटला’. मार्शलचे प्रमुख विल्यम लुकास यांना पहाटे पाचला सांगण्यात आलं की थायोकोलने शंका काढली होती आणि ती सुटली. पण वरच्या दोन पायऱ्यांवर बसलेले ऑल्ड्रिच आणि उड्डाणाचा अंतिम होकार देणारे जेसी मूर यांच्यापर्यंत त्या फोनबैठकीचा पत्ताच नव्हता. त्यांच्यापर्यंत फक्त ‘बूस्टर तयार’ पोहोचलं. फॅक्सवरच्या कडक रबराच्या, निसटणाऱ्या वायूच्या, निर्णायक नसलेल्या आकडेवारीच्या ओळी खालीच राहिल्या. ‘तयार’ या शब्दाला वर चढताना ओझं नको असतं. प्रत्येक पायरीवर कुणीतरी उल्लेख गाळतो आणि शब्द पुढे देतो. ‘५३ अंशांपर्यंत तयार’ असं म्हटलं असतं तर ‘५३’ गाळणं इतकं सोपं गेलं नसतं. तो शब्दाचाच भाग झाला असता.

सकाळी ९.३८चं उड्डाण सरकत ११.३८ला झालं. पेटवणीनंतर सेकंद पुरतं व्हायच्या आत उजव्या बूस्टरच्या खालच्या सांध्यातून राखाडी धुराचा पहिला फुगारा आला, आणि अडीच सेकंदांपर्यंत आणखी काही आले. मग ते थांबले. सांधा वितळलेल्या पदार्थांनी तात्पुरता बुजला, असं मानलं जातं. ५८व्या-५९व्या सेकंदाला तिथून ज्वाळा दिसू लागली. ७३व्या सेकंदाला यान तुटलं.

रॉजर्स आयोगाचा अहवाल जून १९८६मध्ये आला. सदस्य रिचर्ड फाइनमन यांनी फेब्रुवारीत एका सुनावणीत ओ-रिंगच्या रबराचा तुकडा चिमट्यात पकडून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सगळ्यांसमोर दाखवलं की गार रबर पटकन मूळ आकाराला येत नाही. तो प्रसंग टीव्हीवर गाजला. तरी त्यात युटातल्या इंजिनियरांना माहीत नव्हतं असं काहीच नव्हतं. पुढे सांध्याची रचना बदलली, तिसरी रिंग आली आणि सांध्याभोवती हीटर बसवले गेले. सप्टेंबर १९८८मध्ये डिस्कव्हरी पुन्हा उडालं.

कागदावरची भाषा बदलायला मात्र आणखी एक अपघात लागला. २००३मध्ये कोलंबिया परत येताना नष्ट झालं, कारण उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या बाहेरच्या टाकीवरून सुटलेला फोमचा तुकडा पंखावर आदळला होता. २००५च्या पुढच्या उड्डाणातही मोठा तुकडा सुटला. त्यानंतर जून २००६मध्ये एसटीएस-१२१ या मोहिमेचा तयारी-आढावा झाला. टाकीवरच्या काही कंसांवर बर्फ साठू नये म्हणून लावलेले फोमचे उतार अजून बदललेले नव्हते. ते उड्डाणात तुटतील का, हे खात्रीने सांगता येत नव्हतं.

नासाचे मुख्य इंजिनियर क्रिस स्कोलीज आणि सुरक्षाप्रमुख ब्रायन ओ’कॉनर यांनी त्या आढाव्यात ‘नो-गो’ नोंदवलं. ‘खात्री देता येत नाही’ असं न म्हणता त्यांनी सरळ नकार दिला. पण त्यांनी नकाराची हद्दही लिहून दिली: हा नकार यान गमावण्याच्या शक्यतेबद्दल आहे, चालकदलाबद्दल नाही. यानाला इजा झाली तर अंतराळवीर अंतराळस्थानकावर थांबू शकतील आणि त्यांना आणायला दुसरं यान पाठवता येईल. म्हणून निर्णय उड्डाणाचा झाला, तर ते वर दाद मागणार नव्हते. नासाचे प्रशासक मायकेल ग्रिफिन यांनी तो नकार वाचला, धोका आपल्या नावावर घेतला आणि उड्डाणाला परवानगी दिली. दोन्ही मतं कागदावर शेजारी-शेजारी राहिली. अज्ञाताचं वर्णन कुणी ‘तरीही’ने झाकलं नाही, आणि कुणी नुसतं बाजूलाही सरकलं नाही.

हवामानामुळे दोनदा पुढे ढकललेलं डिस्कव्हरी ४ जुलै २००६ला उडालं. १७ जुलैला ते केनेडीच्या धावपट्टीवर उतरलं. फोमचे ते उतार पुढे नव्याने आखण्यात आले.